दुकानाचा हप्ता की एसीची शिडी: एका बापलेकाचा हिशोब

प्रश्न: मुलगा यंदा पदवीधर झाला. मी म्हणतो, कर्ज काढून डिचोलीच्या बाजारात दुकान घालून देतो, बसून धंदा करील. तो म्हणतो, कर्ज नको, छोटे सर्व्हिसचे काम सुरू करतो. रोज रात्री जेवताना हाच वाद. तुम्ही बँकेत कर्जे दिलेली आहेत. कोणाचे बरोबर?

उत्तर:

हा वाद माझ्या टेबलापुढे पुष्कळदा झाला आहे. त्यातला एक तुम्हाला सांगतो, कारण त्या बापलेकांनी भांडण अर्धवट न सोडता कागदावर शेवटपर्यंत नेले. नावे सांगत नाही.

साखळीजवळच्या गावातले हे वडील. खाणी चालू होत्या तेव्हा त्यांचा टिपर होता. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, टिपर अंगणात उभा राहिला आणि हप्ता तेवढा चालत राहिला. शेवटी मिळेल त्या भावाला टिपर विकून त्यांनी ते खाते मिटवले. असा माणूस मुलासाठी पुन्हा कर्जाच्या दारात का येतो, याचे मला आधी नवल वाटले. पण त्यांच्या डोक्यात हिशोब वेगळा होता.

"साहेब, टिपर दुसऱ्याच्या खाणीवर चालायचा. दुकान आपलं असतं. शटर आपण उघडायचं, आपण ओढायचं."

मुलगा बी.एस्सी. झालेला. कॉलेजच्या सुट्ट्यांत तो कळंगुटच्या एका एसी मेकॅनिकबरोबर हेल्पर म्हणून जायचा. तो म्हणाला, "बाबा, शटर आपलं, पण जागा मालकाची आणि आतला माल बँकेचा."

"आणि तू काय करणार? बी.एस्सी. होऊन लोकांच्या गॅलरीला शिडी लावणार? उद्या सोयरीक घेऊन कोणी आलं तर मुलगा काय करतो म्हणून सांगू?"

हा शेवटचा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे बोर्ड लावलेल्या दुकानाला जो मान आहे तो शिडीला नाही, हे खरेच आहे. पण त्या मानाची महिन्याची किंमत किती, ते एकदा पाहू म्हटले आणि कागद पुढे ओढला.

वडिलांच्या मनात इलेक्ट्रिकल सामानाचे दुकान होते. वायर, स्विच, बल्ब, पंखे, थोडे नळाचे सामान. खर्च त्यांनीच सांगितला: माल 6 लाख, रॅक आणि काउंटर 1 लाख 80 हजार, जागेचे डिपॉझिट 60 हजार, बोर्ड, संगणक, बिलिंग वगैरे 60 हजार. एकूण 9 लाख. त्यातले 1 लाख घरचे, 8 लाख कर्ज. व्याज 11 टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर हप्ता येतो 17,394 रुपये.

आता दुकानाचा महिन्याचा खर्च. भाडे 12,000. काउंटरला एक मुलगा ठेवावाच लागतो, कारण मालक माल आणायला गेला की दुकान बंद ठेवता येत नाही, त्याचे 13,000. वीज, फोन, टेम्पोभाडे, हिशोबनीस मिळून 4,500. हे झाले 29,500. त्यात हप्ता मिळवला की जवळजवळ 47,000. यात मुलाच्या स्वतःच्या हाती एक रुपयाही नाही.

"नफा किती धरता?" मी विचारले.

"वीस-पंचवीस टक्के सुटतात ना इलेक्ट्रिकलमध्ये?"

सुटतात, पण दिव्यांच्या फिटिंगवर, स्विचच्या प्लेटवर. वायरच्या बंडलावर आठ-दहा सुटले तरी पुष्कळ, आणि खपते जास्त तीच. सगळे मिसळून नव्या दुकानाने 15 टक्क्यांवर धरू नये. 15 टक्क्यांतून 47,000 काढायचे तर महिन्याला 3 लाख 13 हजारांची विक्री हवी. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोजचे 12,000.

"डिचोलीच्या बाजारात दिवसाला बारा हजार होणार नाहीत?" वडील म्हणाले.

"होतील, पण पहिल्या महिन्यापासून होतील का? हप्ता पहिल्या वर्षापासूनच आहे."

मी त्यांना एक काम दिले, तेच तुम्हालाही देतो. सरासरी बिल अडीचशे रुपयांचे धरा. बारा हजार म्हणजे 48 गिऱ्हाइके, दहा तासांच्या दिवसात दर बारा-तेरा मिनिटांना एक. तुम्हाला घालायचे आहे तशाच चालत्या दुकानासमोर एखाद्या साध्या दिवशी उभे राहा आणि हातात पिशवी घेऊन बाहेर पडणारे मोजा. चवथीच्या आधीचा आठवडा नको. तेव्हा माटोळीच्या वर लावायच्या लायटिंगच्या माळा घ्यायला सगळा गाव बाजारात असतो आणि मोजणी फसते. पावसाळ्यातला एक दिवस मात्र जरूर धरा.

बापलेक दोघेही गेले. आठवड्याने आले तेव्हा मुलाच्या वहीत 31 आकडा होता, आणि तो बरीच वर्षे जम बसलेल्या दुकानाचा. पण वडिलांनी एक गोष्ट टिपली होती जी मुलाच्या नजरेतून सुटली. "साहेब, मोठी बिलं पिशवीवाले करत नाहीत. वायरमन येतो, यादी देतो, माल परस्पर साइटवर जातो."

अगदी खरे. या धंद्यात घरमालक पैसे देतो, पण दुकान वायरमन ठरवतो. नव्या दुकानाकडे त्याला वळवायचे तर दोनच वाटा: त्याला बिलावर काही टक्के द्यायचे किंवा त्याला उधारी द्यायची. टक्के दिले की ते आपल्या पंधरातून जातात. उधारी दिली की माल गेला आणि पैसे अडकले, आणि हप्त्याची तारीख आहे तिथेच आहे.

यापुढचा भाग फारसे कोणी पाहत नाही, आणि कर्जे बुडतात ती इथेच. सहा लाखांचा माल किती दिवसांत एकदा फिरतो? वरच्या हिशोबातली विक्री गाठायची तर तो सव्वादोन महिन्यांत फिरायला हवा. नवे दुकान पहिल्या वर्षी चार महिन्यांत फिरवते असे धरले, तर महिन्याला खरेदीच्या भावाने दीड लाखाचा माल जातो आणि त्यावर नफा सुटतो साधारण 26,500. दुकानाचा खर्चच 29,500 आहे. म्हणजे हप्त्याआधीच तीन हजारांची तूट, आणि हप्ता धरून 20,400. वर्षाची तूट झाली दोन लाख पंचेचाळीस हजारांच्या घरात.

ही तूट कुठून भरली जाते? मालातून. दहा हजारांचा माल विकला की दहा हजारांचा परत आणायचा असतो, पण हप्ता भरल्यावर आठ हजारांचाच येतो. हप्ता थकत नाही, म्हणून बँकेलाही वर्षभर काही दिसत नाही. दुकानात गेलात तर मात्र दिसते. मी तपासणीला गेलो की आधी वरच्या फळीवरचा एखादा खोका हातात घ्यायचो. स्विचचे, पंख्यांचे खोके तोंड पुढे करून ओळीने लावलेले असतात आणि उचलला की हलका लागतो. पुढची रांग भरलेली, मागची नुसती पुठ्ठ्याची. गिऱ्हाइकाने सोळा अँपियरचा सॉकेट मागितला की मालक म्हणतो, "उद्या येतो." दोनदा असे झाले की ते गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही. जो माल उरतो तो न खपणारा असतो: जुन्या मॉडेलच्या प्लेट, कोणी न घेतलेल्या रंगाचे दिवे. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर खोक्याला बुरशी धरते आणि पंख्याच्या दांड्यावर गंज चढतो, मग तो पुढच्या सीझनला पडत्या भावाने काढावा लागतो.

वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हासुद्धा उभा टिपरच."

"पण सहा महिने हप्ता भरायचा नसतो ना सुरुवातीला?" मुलानेच विचारले. त्याने चौकशी केलेली दिसत होती.

बँक सवलतीचा काळ देते, पण व्याज थांबत नाही. आठ लाखांवर 11 टक्क्यांनी महिन्याचे व्याज 7,300 च्या वर होते. ते तेव्हाच भरले नाही तर मुद्दलात चढते आणि हप्ता वाढतो. सवलतीच्या काळात गल्ला भरलेला दिसतो म्हणून घरात फ्रिज येतो, असेही मी पाहिले आहे.

आता मुलाचा कागद. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला वाटत होते की आपली बाजू सोपी आहे. ती तशी नव्हती.

"हत्यारांना किती लागतील?" मी विचारले. त्याने यादी काढली: धुण्याचा प्रेशर पंप, व्हॅक्यूम पंप, गेज, क्लॅम्प मीटर, ड्रिल, शिडी, पाइप कापायचे आणि फ्लेअर करायचे सामान, गॅस मोजून भरायला वजनकाटा, कमरेचा सेफ्टी बेल्ट आणि दोर. सगळे मिळून 70-75 हजार. स्कूटर घरी होती.

"एका एसीच्या सर्व्हिसचे किती घेणार?"

"सहाशे. दिवसाला चार करीन. महिन्याला शंभर."

"पहिल्या वर्षी पंचवीस धर."

त्याचा चेहरा उतरला. पण माणूस नवा, फोन नंबर कोणाकडे नाही, डिचोलीहून किनाऱ्याला जाऊन येऊन पन्नास-साठ किलोमीटर. सीझनमध्ये महिन्याला 25 सर्व्हिसचे 15,000 आणि फिटिंग, गॅसची किरकोळ कामे 4,000, असे 19,000. पेट्रोल, केमिकल, जड युनिट उचलायला एखाद्या दिवसाचा हेल्पर मिळून 5,000 वजा. उरले 14,000. हे ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या आणि हवा गार. त्या चार महिन्यांत चार-साडेचार हजार उरले तरी नशीब समजायचे.

वडिलांना जोर चढला. "बघा! पदवी घेऊन चौदा हजार!"

"हो, पण हे चौदा हजार उरलेले आहेत. दुकानाच्या कागदावर वीस हजार घालायचे होते."

इथे मात्र मी मुलाला सोडले नाही. "गॅस कमी आहे म्हणून फोन आला. काय करशील?"

"भरीन."

"आणि महिन्याने परत गेला तर?"

तो गप्प झाला. किनाऱ्यावरच्या कामात हाच फास आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटच्या कॉइलची पाने गळतात. बोट लावले की पांढरी भुकटी हाताला येते. कॉइलला बारीक भोक पडलेले असते आणि तिथून गॅस जातो. गळती न शोधता गॅस भरणारा मेकॅनिक त्या दिवशी पैसे घेतो, महिन्याने शिव्या खातो आणि ते गेस्ट हाउस कायमचे गमावतो. आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने सांधे तपासायचे, गळती बंद करायची, मग व्हॅक्यूम करून युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. आता नव्या एसीत बहुतेक आर-32 असतो आणि तो पेट घेऊ शकणारा गॅस आहे. बंद खोलीत गळती असताना सांधे जोडायचा गॅस टॉर्च पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ. हे सगळे हेल्पर म्हणून शिडी धरून शिकता येत नाही. आयटीआयचा या विषयाचा कोर्स दोन वर्षांचा असतो. तेवढे जमत नसेल तर चांगल्या मेकॅनिकच्या हाताखाली एक पूर्ण सीझन स्वतःच्या हाताने सांधे करावेत, आणि तोवर स्वतःच्या नावाने फक्त धुण्याची कामे घ्यावीत. मुलाने हे मान्य केले. त्याने तिथे वाद घातला असता तर मी त्यालाही कर्ज नको म्हणालो असतो.

दुसरी गोष्ट वसुलीची. समजा बारा खोल्यांच्या गेस्ट हाउसचे वर्षाचे काम मिळाले: तीन वेळा सर्व्हिस, एका एसीला पाचशे, म्हणजे 18,000. ऐकायला छान. पण आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी गेस्ट हाउसे मालक स्वतः चालवत नाही. सीझनपुरती कोणाला तरी चालवायला दिलेली असतात. मे महिना आला की तो माणूस बिऱ्हाड आवरून निघून जातो आणि आपले बिल तिथल्या रिसेप्शनच्या खिळ्याला लटकत राहते. म्हणून काम घेतानाच विचारायचे, विजेचे बिल कोणाच्या नावावर आहे आणि पैसे देणारा कोण. तो भाडेकरू असेल तर प्रत्येक फेरीचे पैसे त्याच दिवशी, आणि एप्रिलनंतर उधारी नाहीच.

या बाबतीत सर्व्हिसवाल्याला कायद्याची एक बाजू आहे जी दुकानदाराला नाही. उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. ती केलेल्या सूक्ष्म सेवा उद्योगाचे पैसे 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागते. दुकानदारांनाही 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. थकबाकीचे हे संरक्षण त्यांना नाही. पळून गेलेल्या भाडेकरूला कायदा शोधून आणून देत नाही हे उघड आहे. पण दहा-पंधरा खोल्यांचे हॉटेल स्वतः चालवणारा मालक बिलावरचा उद्यम क्रमांक पाहून जरा सरळ वागतो, एवढा माझा अनुभव.

तिसरी गोष्ट शरीराची. दुकानदार आठवडाभर तापाने पडला तर वडील गल्ल्यावर बसतात. मेकॅनिकचा हात मोडला की मिळकत त्या दिवशी थांबते. म्हणून बेल्टचे पैसे वाचवायचे नाहीत. आणि बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा अर्ज मिळतो, वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. तो फुटकळ वाटतो म्हणून कोणी भरत नाही. तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, दोन महिने प्लास्टरमध्ये असलेल्या हाताला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी बाजूला रक्कमच हवी.

एवढे झाल्यावर वडिलांनी विचारले, "मग कर्ज काढूच नको म्हणता?"

तसे मी म्हणालो नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत, किशोर गटात 5 लाखांपर्यंत आणि तरुण गटात 10 लाखांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण लागत नाही. हत्यारांसाठी मुलाने स्वतःच्या नावाने शिशुचे 50,000 घ्यावेत, उरलेले 25 हजार वडिलांनी द्यावेत. दोन वर्षांची मुदत, 11 टक्के, हप्ता 2,330. सीझनच्या 14,000 मधून तो सहज जातो, पावसाळ्यात ओढाताण होते, म्हणून मेअखेर खात्यात वेगळे 30,000 असलेच पाहिजेत.

वडिलांकडे एफडी होती. ती मोडून सगळे रोखीने घेता आले असते, आणि ते तसे म्हणालेही. पण त्या छोट्या कर्जाचे काम हत्यारांपुरते नसते. चोवीस हप्ते वेळेवर गेले की मुलाच्या नावावर स्वतःचा पतइतिहास तयार होतो. गिऱ्हाइकांचे पैसे क्यूआरने खात्यात आले की धंद्याचे स्टेटमेंट तयार होते. त्यावरून दोन वर्षे आयकराचे रिटर्न भरले की पुढच्या वेळी कर्ज मागताना मॅनेजर बापाच्या एफडीकडे न बघता मुलाच्या आकड्यांकडे बघतो. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीचीही यातायात नाही.

वडिलांनी अनुदानाचाही विषय काढला. गावात कोणाला तरी पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, "फुकट" पैसे मिळाले होते. ही योजना चांगली आहे. सेवा-व्यवसायाचा 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो, आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण वर्गाला प्रकल्पाच्या 25 टक्के अनुदान आहे. पण ते हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षे वेगळ्या ठेवीत राहते आणि धंदा चालू असेल तरच नंतर कर्जात वळते होते. मध्येच शटर ओढले तर ते परत जाते आणि कर्ज पूर्ण अंगावर राहते. आपल्या गोवा सरकारच्या ईडीसी महामंडळाची मुख्यमंत्री रोजगार योजनाही आहे, तिचीही चौकशी करावी. पण अनुदान आहे म्हणून प्रकल्प मोठा करू नये. याहून वाईट म्हणजे सप्लायरकडून फुगवलेले कोटेशन आणायचे, सहा लाखांच्या मालाचे आठ दाखवायचे आणि वरचे दोन लाख रोख परत घ्यायचे. हे बाजारात चालते, सप्लायर आपणहून सुचवतात. ते दोन लाख दसऱ्याच्या उद्घाटनाच्या मंडपात आणि जेवणात जातात, आणि पाच वर्षे हप्ता मात्र आठ लाखांचा.

दुकानाला माझा सरसकट विरोध नाही. तीन गोष्टी असतील तर तुमच्या बाजूने मी मुलाशी बोलेन. जागा घरची असावी. 12,000 भाडे गेले की वरच्या हिशोबात रोजची विक्री तीन हजारांनी कमी लागते, म्हणजे बाराची नऊ हजारांवर येते. मुलाने त्याच मालाच्या दुसऱ्याच्या दुकानात निदान एक वर्ष काउंटरवर काढलेले असावे, कारण काय खपत नाही हे तिथेच कळते आणि दुसऱ्याच्या पैशांवर कळते. आणि मालाला घाऊक व्यापाऱ्याची महिनाभराची उधारी मिळत असावी, म्हणजे सहा लाखांऐवजी तीन लाखांच्या मालावर सुरू करता येते. जागा घरची आणि मालाला उधारी, एवढ्या दोन असल्या तरी कर्ज जवळजवळ निम्म्यावर येते, आणि निम्म्या कर्जात चूक सावरायला वेळ मिळतो. तुमच्या मुलाला नेमकी कोणती सर्व्हिस करायची आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, पण कागद तोच: पहिल्या वर्षी त्याच्या अंदाजाचे पाव धरा, पावसाळा वेगळा मांडा, पैसे देणारा कोण ते लिहा.

साखळीच्या त्या मुलाने तिसऱ्या वर्षी किशोरचे कर्ज मागितले. बाजारात नव्हे, घराच्या पडवीतच एसीचे सुटे भाग, कॉपर पाइप, कपॅसिटर आणि स्टँड ठेवायला. वडील आता पडवीत बसतात, फोन घेतात आणि इतर मेकॅनिकना माल देतात. त्यांना हवे होते तसे ते दुकानच आहे. फक्त त्याचा माल कोणाला लागतो हे आधी ठाऊक झाले होते.

एक शेवटचे, जे तुम्हाला बँकेत कोणी बसवून सांगणार नाही. मुद्राला तारण लागत नाही, तरी मोठ्या दुकान-कर्जाला बँक तुम्हाला सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करायला सांगू शकते. "नुसती सही आहे काका," असे काउंटरवरचा मुलगा म्हणेल. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे लिहिले नसेल तर, कर्जदाराइतकीच असते. मुलाकडून वसूल होत नाही हे सिद्ध होईपर्यंत बँकेने थांबायचे बंधन नाही, ती सरळ तुमच्याकडे येऊ शकते. शिवाय हप्ता थकला तर थकबाकी तुमच्याही पतइतिहासात दिसते. म्हणून मंजुरीपत्र घरी आणा, तुमचे नाव कोणत्या रकान्यात आहे ते बघा, एफडीवर बँकेचा हक्क लिहिला आहे का ते वाचा, आणि मुलाला शेजारी बसवून मगच पेन उघडा.